थांबवा म्हणायचे कोणी?

१३ ऑगस्ट २०११. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची वार्षिक जत्रा इंडियानापोलिस शहरात भरली होती. आपल्याकडच्या मोठ्या जत्रेसारखाच तिचा पसारा: एकीकडे जनावरांचे प्रदर्शन, दुसरीकडे पाळणे आणि खाद्यपदार्थांचे ठेले, आणि आवारात वेगवेगळ्या ठिकाणी गाण्याबजावण्याचे मंच. त्यांतल्या सर्वांत मोठ्या रंगमंचावर रात्री पावणेनऊ वाजता ‘शुगरलँड’ या लोकप्रिय बँडचे गाणे सुरू व्हायचे होते. पश्चिमेकडून वादळ येत आहे, हे आयोजकांना दुपारपासून माहीत होते. ८ वाजून ३९ मिनिटांनी राष्ट्रीय हवामान सेवेने तीव्र वादळाचा इशारा दिला. ८.४५ला निवेदकाने प्रेक्षकांना वादळाची कल्पना दिली, जागा सोडावी लागली तर कुठे जायचे ते सांगितले आणि कार्यक्रम होईल अशी आशाही व्यक्त केली. त्यानंतर काही मिनिटांतच वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि रंगमंचावरचा दिवे-ध्वनिक्षेपकांनी लगडलेला सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला. सात माणसे मृत्युमुखी पडली, पन्नासहून अधिक जखमी झाली.

या दुर्घटनेची चौकशी दोन अंगांनी झाली. अभियंत्यांनी सांगाडा तपासला. ज्या वाऱ्यात तो उभा राहायला हवा होता, त्याहून बऱ्याच कमी वाऱ्यातही तो कोसळणार होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्या चौकशीने आयोजनाचा कारभार तपासला. एप्रिल २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात वादळाची बातमी कोणालाच नव्हती, असे म्हटलेले नाही. बातमी सर्वांकडे होती. कार्यक्रम पुढे ढकलायचा किंवा रद्द करायचा अधिकार नेमका कोणाचा, हे मात्र ठरलेले नव्हते. गाणे किती वाजता सुरू करायचे, याची बोलणी जत्रेची माणसे आणि बँडची माणसे यांच्यात निरोपांनी चालली होती. मैदान रिकामे करण्याचा विचार पक्का होईपर्यंत वेळ संपली होती. त्याच संध्याकाळी शहराच्या उत्तरेला उघड्या मैदानावर इंडियानापोलिस सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. तिथल्या आयोजकांनी वादळ पोहोचण्याआधीच वादन थांबवून श्रोत्यांना हलवले होते.

वादळ एकच होते, निर्णय मात्र दोन ठिकाणी वेगवेगळे झाले. या फरकातून जो विषय उभा राहतो, त्याची ही ओळख आहे. अनेक रंगमंचांच्या जत्रेच्या दिवशी वॉकी-टॉकी कोणाच्या हातात असावी, तिच्यावर कोणी कोणाशी काय बोलावे आणि एखादी अडचण खालून वर किती वेळात, कोणत्या पायऱ्यांनी जावी, हा तो विषय. आपल्याकडे महोत्सव, ग्रंथजत्रा, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, उरूस, देवीच्या जत्रा असे बहुतेक कार्यक्रम आता एका मंचावर भागत नाहीत. वॉकी-टॉकीही भाड्याने सहज मिळतात. सेटांची खोकी आली, वाटप झाले की संपर्काची सोय झाली, असे मानले जाते. प्रत्यक्षात खरे काम तिथून पुढे सुरू होते.

वॉकी-टॉकी टेलिफोनसारखी चालत नाही, ही गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते. एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बटण दाबलेले असताना बोलणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर ऐकणाऱ्यांना खरखर ऐकू येते, किंवा जवळच्या सेटचा आवाज दूरच्या सेटचा आवाज गिळून टाकतो. यातली धोक्याची बाब अशी की, ज्याचा निरोप बुडाला त्याला ते कळतच नाही. त्याने बटण दाबले, वाक्य पूर्ण केले, बटण सोडले. त्याच्या दृष्टीने निरोप पोहोचला. म्हणून ऐकणाऱ्याने निरोपातला गाभा परत उच्चारायचा आणि तो ऐकू येईपर्यंत पाठवणाऱ्याने निरोप पोहोचला असे धरायचे नाही, हा पहिला नियम होतो. नुसते ‘ओके’ किंवा ‘कॉपी’ पुरत नाही. कोणी कशाला ‘ओके’ म्हटले, हे चॅनेलवरच्या इतरांना कळायला मार्ग नसतो.

दुसरी मर्यादा मैदानाची. आदल्या दिवशी मोकळ्या मैदानात घेतलेली चाचणी फसवी असते. माणसाच्या अंगातले पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे रिकाम्या मैदानात टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ ऐकू येणारा सेट दहा हजार माणसांच्या गर्दीत अडखळू लागतो. रंगमंचाचा लोखंडी सांगाडा, जनरेटरची व्हॅन, काँक्रीटची शाळा यांच्या आडोशालाही आवाज तुटतो. म्हणून चाचणी जत्रेच्या दिवशी गर्दी भरू लागल्यावर पुन्हा घ्यावी लागते आणि ‘मुक्या’ जागा नकाशावर खुणेने दाखवाव्या लागतात. रंगमंचापाशी उभ्या असलेल्या माणसाला कानात घालायचे इअरपीस नसेल, तर त्याच्याजवळचा सेट जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ध्वनिक्षेपकासमोर कमरेला लटकलेला सेट कितीही मोठ्याने बोलला तरी ऐकू येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर, भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. इतर लहरींवरच्या सेटांना दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. भाड्याने सेट देणाऱ्याकडून लहरी आणि परवान्याचा कागद आधी पाहून घेणे आयोजकांच्याच हिताचे आहे. बाजारातले अनेक सेट पोलिसांच्या किंवा इतर सेवांच्या लहरींमध्ये घुसू शकतात.

आता माणसांकडे वळू. तीस सेट आणि एकच चॅनेल ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. तिच्यात सकाळी चहाची किटली, दुपारी पाहुण्यांची गाडी आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडलेली बाई, सगळे एकाच वाहिनीवर येते. दुपारपर्यंत कार्यकर्ते आवाज कमी करून टाकतात आणि नेमक्या वेळी कोणी ऐकत नसते. म्हणून चॅनेल कामाप्रमाणे वेगळे करावे लागतात. मंचांची आणि ध्वनी-दिव्यांची आतली बोलणी एका चॅनेलवर, फाटक, पार्किंग आणि सामान दुसऱ्यावर. तिसरे चॅनेल मुख्य. त्यावर फक्त सुरक्षितता आणि निर्णय. मुख्य चॅनेलवर माणसे मोजकीच असतात आणि तिथे शांतता असणे हीच त्या चॅनेलची तब्येत चांगली असल्याची खूण.

या चॅनेलच्या मधोमध बसलेली व्यक्ती म्हणजे नियंत्रक. तिची जागा आवाजापासून दूर, दार बंद होणाऱ्या खोलीत असते. नियंत्रकाने धावपळ करायची नसते. मैदानात जायचे नसते. ऐकायचे, परत उच्चारायचे, योग्य माणसाला काम द्यायचे आणि उत्तर आले की नाही ते पाहायचे. इतकेच तिचे काम. दोन तासांनी दुसऱ्या माणसाने जागा घ्यावी. इतका वेळ सलग कान लावून बसणे थकवणारे असते. तिच्या शेजारी नोंदकार बसतो. त्याच्या वहीत प्रत्येक निरोपासमोर वेळ, कोणाकडून, काय आणि त्याचे पुढे काय झाले, एवढे चार रकाने असतात. चौथा रकाना रिकामा दिसला की तो नियंत्रकाला कोपराने ढोसतो. अडकून पडलेले निरोप सापडण्याची खात्रीची जागा म्हणजे हा रिकामा रकाना.

प्रत्येक रंगमंचाला एक मंचप्रमुख असतोच. कार्यक्रमांचा क्रम, कलाकार, निवेदक यांत तो बुडालेला असतो आणि त्याची पाठ बहुतेक वेळ प्रेक्षकांकडे असते. म्हणून दर मंचाला आणखी एका माणसाची गरज असते. आपल्याकडच्या मांडणीत ही जागा जवळजवळ कधीच भरलेली नसते. मंचाच्या बाजूला, थोड्या उंचीवर उभे राहून फक्त गर्दीकडे पाहणारा हा माणूस. त्याला ‘नजर’ म्हणावे. मुख्य मंचाजवळचा ‘नजर एक’, लोककला मंचाजवळचा ‘नजर दोन’. त्याला दुसरे कोणतेही काम द्यायचे नाही, कलाकाराला पाणी नेऊन देण्याचेही नाही. आणि चॅनेलवर बोलताना माणसाच्या नावाने नव्हे, जागेच्या नावाने बोलायचे. पाळी बदलली, माणूस बदलला तरी ‘नजर एक’ तोच राहतो, आणि एकाच नावाच्या तिघा कार्यकर्त्यांमुळे होणारा गोंधळही टळतो.

नजरेवर उभा असलेला माणूस काय सांगतो, याला फार महत्त्व आहे. ‘इकडे गर्दी फार आहे’ या वाक्याने नियंत्रकाला काहीच करता येत नाही. जत्रेत गर्दी असतेच. त्याने डोळ्यांना दिसलेल्या खुणा सांगायच्या. गर्दी धोक्याची होऊ लागली की तिच्या खुणा दिसतात. चौरस मीटरला पाचाच्या वर माणसे उभी राहिली की एकेकाला आपल्या मनाने हलता येत नाही. मग सगळा जमाव वाऱ्याने पीक डोलावे तसा एका बाजूला झुकतो आणि परत येतो. लोकांना हात वर करता येत नाहीत. पुढच्या रांगेतली मुले बॅरिकेडवरून उचलून बाहेर दिली जाऊ लागतात. काही चेहरे मंचाकडे पाहायचे सोडून मागे वळतात. यातले जे दिसेल ते, कुठे दिसले आणि कधीपासून, एवढ्यात निरोप पूर्ण होतो.

वैद्यकीय पथक, फाटक, वीज अशी बाकीची पदे सर्वांना माहीत असतात. पोलिसांची आणि अग्निशामक दलाची यंत्रणा वेगळ्या लहरींवर चालते. आयोजकांचा सेट त्यांच्याशी बोलू शकत नाही. म्हणून त्यांचा एक प्रतिनिधी नियंत्रण खोलीतच बसवून घेणे हा सर्वांत साधा उपाय. एका टेबलाभोवती बसलेल्या दोन माणसांना लहरी जुळवाव्या लागत नाहीत.

निर्णय अधिकारी हे पद मात्र थांबून बोलण्यासारखे आहे. कार्यक्रम लांबवायचा, थांबलेला पुन्हा सुरू करायचा, मैदान रिकामे करायचे, हे ठरवणारी ही एक व्यक्ती. आपल्याकडे हे काम आपसूक अध्यक्षांकडे किंवा कार्याध्यक्षांकडे जाते. पण ऐन गर्दीच्या वेळी हीच मंडळी मंचावर पाहुण्यांना शाल-श्रीफळ देत असतात, फोटोत उभी असतात, मंत्र्यांच्या गाडीजवळ थांबलेली असतात. त्यांच्या कानात इअरपीस नसते आणि असले तरी त्या क्षणी त्यांना बोलता येत नाही. म्हणून निर्णय अधिकारी सत्काराच्या यादीत नसलेला असावा. त्या दिवशी त्याने नियंत्रण खोलीच्या आसपासच राहावे. अध्यक्षांनी आपला अधिकार त्या दिवसापुरता त्याच्याकडे लेखी सोपवावा आणि तो सोपवल्याचे सर्व मंचप्रमुखांसमोर सांगावे. यात अध्यक्षांचा मान कमी होत नाही. उलट, त्यांना पाहुण्यांकडे निर्धास्तपणे लक्ष देता येते.

आता अडचण खालून वर नेणारी शिडी. तिची पहिली पायरी जागेवरच्या माणसाची. फाटकावर दोघांची बाचाबाची, एक खुर्ची मोडली, माइक बंद पडला. ज्याच्यासमोर घडले त्याने आपल्याच माणसांच्या बळावर दोन मिनिटांत निस्तरायचे. दुसरी पायरी नियंत्रकाची. जिथे दुसऱ्या पथकाची मदत लागते किंवा एका मंचाचा परिणाम दुसऱ्या मंचावर होणार असतो, ते इथे येते. तिसरी पायरी निर्णय अधिकाऱ्याची. कार्यक्रमाच्या वेळेला किंवा प्रवेशाला हात लावायचा असेल तर इथे. चौथी पायरी म्हणजे थांबवणे.

पायऱ्या कागदावर लिहिणे सोपे आहे. त्यांच्यात जीव दोन गोष्टींनी येतो. पहिली म्हणजे वेळ. प्रत्येक पायरीवर अडचण किती वेळ थांबू शकते, ते आधीच ठरलेले हवे. तेवढ्या वेळात खूण कमी झाली नाही, किंवा उत्तरच आले नाही, तर ती आपोआप वर जाते. कोणाच्या परवानगीने नाही. निर्णय अधिकाऱ्याने एका मिनिटात उत्तर दिले नाही तर अधिकार उपअधिकाऱ्याकडे जातो. त्यानेही पुढच्या मिनिटात दिले नाही तर नियंत्रकाकडे येतो. इंडियानात हेच नव्हते. निरोप जात-येत राहिले आणि कोणाच्याही वाट पाहण्याला मर्यादा नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे अधिकाराची उलटी मांडणी. थांबवण्याचा अधिकार खाली असावा आणि पुन्हा सुरू करण्याचा वर. नजरेवरचा माणूस, मंचप्रमुख, वैद्यकीय प्रमुख, नियंत्रक यांपैकी कोणीही मुख्य चॅनेलवर ‘थांबवा, थांबवा, थांबवा’ आणि मंचाचे नाव उच्चारले की त्या मंचावरचा कार्यक्रम थांबतो. चर्चा नंतर होते. आयोजकांना याची भीती वाटते. एखादा नवखा कार्यकर्ता घाबरून भलत्या वेळी थांबवेल, असे त्यांना वाटते. तसे झाले तर पाच मिनिटे वाया जातात आणि कलाकार थोडे नाराज होतात. उलट बाजूला काय होऊ शकते, ते टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात ५ नोव्हेंबर २०२१ला दिसले.

‘ॲस्ट्रोवर्ल्ड’ या महोत्सवात त्या दिवशी दोन रंगमंच होते आणि सुमारे पन्नास हजार प्रेक्षक. दुसऱ्या मंचावरचे कार्यक्रम संपल्यावर तिथली गर्दी रात्रीच्या मुख्य गायकाच्या मंचाकडे सरकली. हे वेळापत्रकातच लिहिलेले होते. नऊच्या सुमारास गाणे सुरू झाले. मंचासमोरच्या बॅरिकेडने बंद केलेल्या भागांत माणसे चेंगरू लागली. ९ वाजून ३८ मिनिटांनी प्रशासनाने मोठी आपत्ती म्हणून घटनेची नोंद केली. गाणे त्यानंतरही सुमारे अर्धा तास चालू होते. दहा जण गेले. आयोजकांच्या आराखड्यात कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार फक्त दोन पदाधिकाऱ्यांना दिलेला होता. आराखड्यात मृत्यूची शंका आली तर वॉकी-टॉकीवर वापरायचा सांकेतिक शब्द होता. गर्दीचा लोंढा आला तर काय करायचे, ते मात्र त्यात नव्हते.

सांकेतिक शब्दांबद्दल मतभेद आहेत. प्रेक्षकांनी ऐकून घाबरू नये म्हणून ते वापरले जातात. पण ज्या कार्यकर्त्याने सकाळी दहा मिनिटांची सूचना ऐकली आहे, त्याला संध्याकाळी तो शब्द आठवेलच असे नाही. अमेरिकेतल्या आपत्ती व्यवस्थापनात वेगवेगळ्या खात्यांनी एकत्र काम करताना आकडी संकेत सोडून साधी भाषा वापरावी, असा नियम आहे, कारण एकाच संकेताचा अर्थ खात्यागणिक बदलतो. कार्यकर्त्यांच्या कानात इअरपीस असेल तर प्रेक्षकांना काही ऐकू जात नाही आणि मराठीत सरळ बोलता येते.

एक प्रसंग नमुन्यादाखल पूर्ण पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर तीन मंच आहेत. मुख्य मंचावर आठ वाजता नावाजलेल्या गायिकेचा कार्यक्रम. लोककला मंचावर नऊपर्यंत भारूड. बालमंचावर साडेसातला बक्षीस समारंभ संपणार. बालमंचाकडून मुख्य मंचाकडे येणारी वाट चार मीटर रुंद, पण एका बाजूला खाद्यपदार्थांचे ठेले आणि त्यांच्यापुढच्या रांगा, म्हणून मोकळी वाट दोनच मीटर उरलेली. ब्रिटनमधल्या क्रीडांगणांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसे जातात. म्हणजे या वाटेतून १६४, तीही सगळी एकाच दिशेने चालली तर. कडेवर लेकरू घेतलेले पालक त्याहून सावकाश चालतात.

७.२२ला बालमंच कळवतो: ‘नियंत्रण, बालमंच. आठ मिनिटांत बक्षिसे संपतील, पंधराशेच्या आसपास माणसे.’ हा निरोप तक्रारीचा नाही. तो आधीच ठरलेला आहे. कुठलाही मंच सुटण्याआधी कळवायचेच. नियंत्रक परत उच्चारतो आणि नजर एकला सावध करतो.

७.३४ला आवाज येतो: ‘नियंत्रण, नजर एक. डावा कोपरा, दिव्याच्या मनोऱ्यापाशी गर्दी डोलते आहे, दोन मुले बॅरिकेडवरून बाहेर घेतली.’ अडचण थेट दुसऱ्या पायरीवर आली आहे, कारण तिचे मूळ मुख्य मंचावर नाही, वाटेत आहे. नियंत्रक फाटकाच्या पथकाला वाटेचे बालमंचाकडचे तोंड रोखायला आणि लोकांना मागच्या रस्त्याने वळवायला सांगतो. त्याच वेळी बालमंचाला सांगतो की एक नाच आणखी होऊ द्या. अनेक मंचांच्या जत्रेत आयोजकांच्या हाती असलेले हे फार उपयोगी साधन आहे. एका मंचावरची गर्दी कमी करायची तर दुसऱ्या मंचावरची माणसे तिथेच रमवायची.

ठरलेली तीन मिनिटे झाली, ७.३७. नजर एक म्हणतो, डोलणे थांबलेले नाही. नोंदकाराचे बोट घड्याळावर आहे. अडचण तिसऱ्या पायरीवर जाते. निर्णय अधिकारी ७.३८ला ठरवतो की गायिकेचा प्रवेश लांबवायचा, मुख्य मंचावर वाजणारे ध्वनिमुद्रित संगीत बंद करायचे आणि प्रेक्षकांवरचे दिवे लावायचे. इथे एक चूक वारंवार होते. थांबवा म्हटले की कोणीतरी जनरेटरच बंद करतो. मग अंधार होतो, ध्वनिक्षेपक मुका होतो आणि प्रेक्षकांशी बोलायचे साधनच उरत नाही. संगीत थांबले पाहिजे, माइक आणि दिवे चालू राहिले पाहिजेत. निवेदकाच्या खिशात आधीच लिहिलेले कार्ड असते. त्यातले वाक्य मागच्या रांगांसाठी आहे: ‘सर्वांत मागे उभ्या असलेल्या मंडळींनी कृपया पाच पावले मागे सरकावे, कार्यक्रम होणार आहे.’ दाब मागून येतो, म्हणून सूचनाही मागच्यांना. पुढच्यांना ‘मागे व्हा’ म्हणून उपयोग नसतो. त्यांना हलायला जागाच नसते.

७.४४ला डोलणे थांबते. आता घाई होते. प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात, गायिकेचा व्यवस्थापक विचारपूस करतो. पण सुरू करण्याचा अधिकार वर ठेवला आहे. नजर एक, वैद्यकीय आणि फाटक या तिघांनी एकेक करून ‘मोकळे’ म्हटल्याखेरीज निर्णय अधिकारी होकार देत नाही. समजा, गाणे वीस मिनिटे उशिरा सुरू झाले. कलाकाराला असा विराम येऊ शकतो, हे करारात आणि त्या दुपारी तोंडी, दोन्हीकडे सांगितलेले असले की वाद होत नाही.

याच प्रसंगात मुख्य मंच पूर्ण थांबवावा लागला असता, तर नियंत्रकाचा पुढचा निरोप लोककला मंचाला गेला असता. एक मंच थांबला की तिथली माणसे घरी जात नाहीत, दुसऱ्या मंचाकडे वळतात. तिथे नजर दोन आणि फाटक आधीच सावध नसतील तर अडचणीने नुसती जागा बदललेली असते.

ही शिडी कशाने मोडते? सर्वांत नेहमीचे कारण अगदी साधे आहे. एखाद्या कार्यकर्त्याच्या खिशात किंवा खुर्चीखाली सेटचे बटण दाबलेले राहते आणि चॅनेल त्याच्या आजूबाजूच्या गाण्याने भरून जाते. कोणालाच बोलता येत नाही आणि ज्याचे बटण दाबलेले आहे त्याला काही ऐकू येत नाही. याची खूण म्हणजे सर्वांच्या सेटवरचा दिवा सतत पेटलेला. उपाय आदल्या दिवशी ठरतो. अर्धा मिनिट चॅनेल अडकलेले दिसले की मुख्य चॅनेलवरच्या सर्वांनी ठरलेल्या राखीव चॅनेलवर जायचे आणि नियंत्रकाने तिथे हजेरी घ्यायची. ज्या जागेचे उत्तर येत नाही, तिथेच तो सेट आहे. दुसरे कारण बॅटरी. दिवसभर पुरेल असे खोक्यावर लिहिलेले असते ते कमी बोलणाऱ्यासाठी. गर्दीच्या जागांवरच्या सेटांना संध्याकाळी पाचला, प्रत्येकाने मागायची वाट न पाहता, भरलेली बॅटरी नेऊन द्यावी. तिसरे कारण व्हॉट्सॲपचा गट. छायाचित्रे, नकाशे यांसाठी तो चांगला. पण गर्दीत मोबाइलचे जाळे तुंबते, आणि गटावर टाकलेला निरोप कोणा एकाची जबाबदारी होत नाही.

आणि शिडीने जे होत नाही तेही स्पष्ट असावे. दोन मीटरची वाट ती रुंद करू शकत नाही. कमकुवत सांगाडा ती बळकट करू शकत नाही. इंडियानातला सांगाडा त्या वाऱ्यात कोसळणारच होता. वेळेवर निर्णय झाला असता तर त्याच्याखाली माणसे नसती, एवढाच फरक शिडी करू शकते. वाटा, दरवाजे, मांडवाची मजबुती यांचे काम आधीच झालेले असावे लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४मध्ये गर्दीच्या ठिकाणांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत जागेचा आराखडा आणि संपर्क-नियंत्रण अशा दोन्ही गोष्टींना स्थान आहे.

पुढच्या पानांत या पदांची कामे, नोंदवहीचा नमुना, निवेदकाची कार्डे आणि आदल्या संध्याकाळी घ्यायच्या अर्ध्या तासाच्या सरावाची पद्धत सविस्तर येते. सरावासाठी मैदान लागत नाही. एक टेबल, मैदानाचा नकाशा आणि वर सांगितलेली सगळी माणसे पुरेत. एकाने ‘७.३४, नजर एक’ म्हणायचे आणि पुढे काय होते ते पाहायचे. वाचकांपैकी ज्यांच्या गावी येत्या हंगामात जत्रा किंवा महोत्सव आहे, त्यांना एक विनंती. परवानगीचा अर्ज भरायच्या आधी कार्यकारिणीच्या बैठकीत कार्यक्रम थांबवू शकणाऱ्या माणसांची नावे ठरवा, ती इतिवृत्तात लिहा आणि त्या बैठकीला साउंडवाल्याला, जनरेटरवाल्याला आणि निवेदकालाही बोलवा.